फोल्डरच्या नावांचे एक पानी परिपत्रक

एका मध्यम आकाराच्या सहकारी संस्थेचे मुख्य कार्यालय डोळ्यांसमोर आणा. लेखा, आस्थापना, खरेदी, वसुली असे चार विभाग आणि सगळ्यांचा मिळून एक सर्व्हर. त्या सर्व्हरवरचा सामायिक ड्राइव्ह प्रत्येकाच्या संगणकावर झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो. लेखापरीक्षक आले आहेत आणि २०२३-२४ चे हिशेब तपासताना ते जुलै २०२३ चे मुख्य कार्यालयाचे वीज बिल मागतात. बिल वेळेवर भरलेले आहे, स्कॅन करून ठेवलेले आहे, ड्राइव्हवर नक्की आहे. तरीही ते लगेच हाती लागत नाही. कोणी `MSEB` शोधतो, कोणी `Light bill`, कोणी `Mahavitaran`. राज्य वीज मंडळाचे विभाजन २००५ साली झाले, पण बोलण्यात एमएसईबी अजून आहे आणि बोलण्यातले नाव फोल्डरला पडते. शेवटी बिल सापडते ते `New Folder (3)` मधल्या `scan0047.pdf` या नावाखाली.

अशा कार्यालयात एक दिवस परिपत्रक निघते: ‘सामायिक फोल्डरना नावे देण्याची एकसमान पद्धत’. पुष्कळदा ते चार पानी असते, सूचना फलकावर लागते, ‘वाचले’ म्हणून सह्या होतात आणि महिन्याभरात जुन्या सवयी परत येतात. दोष कर्मचाऱ्यांच्या शिस्तीचा आहे असे मला वाटत नाही. अशा परिपत्रकात नियम असतात, पण नियमामागचे कारण नसते. खरे तर या विषयातल्या प्रत्येक चांगल्या नियमाला एका ओळीत सांगता येईल असे ठोस कारण आहे, आणि ते बहुतेक वेळा संगणक नावे कशी वाचतो यात असते.

सर्वात आधी तारीख. आपण तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहितो आणि माणसाला ती तशीच सोयीची असते. संगणक मात्र नावांचा क्रम लावताना डावीकडून वाचत जातो. आधी दिवस लिहिला, तर क्रम दिवसाने लागतो:

```
01-08-2023
03-05-2024
05-07-2023
12-08-2023
```

ऑगस्ट २०२३ नंतर मे २०२४, त्यानंतर पुन्हा मागे जुलै २०२३. तीच तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो, वेगळे काही करावे लागत नाही. ही पद्धत आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातली आहे आणि ते मानक १९८८ पासून आहे. महिना आणि दिवस नेहमी दोन अंकी लिहायचे, म्हणजे 7 नाही, 07. हल्लीच्या विंडोजची फोल्डर-खिडकी 2 आणि 10 यांचा क्रम बरोबर लावते, म्हणून शून्याची गरज नाही असे वाटते. पण बॅकअपची यादी किंवा लिनक्सवर चालणारे साठवण-यंत्र तो समजूतदारपणा दाखवीलच असे नाही. तिथे 1 नंतर 10, मग 11 आणि त्यानंतर 2 येतो.

आपल्याकडे यात आर्थिक वर्षाची भर पडते. वर्ष एप्रिलला सुरू होते. महिन्यांची फोल्डर नुसती 01 ते 12 अशी ठेवली, तर वर्षाचे शेवटचे तीन महिने सर्वात वर येतात. यावर उपाय म्हणून काही कार्यालये एप्रिललाच 01 म्हणतात. मग आस्थापना विभागाचा 01 म्हणजे जानेवारी आणि लेखा विभागाचा 01 म्हणजे एप्रिल असा घोळ होतो. महिन्याआधी वर्ष लिहिले की प्रश्नच उरत नाही: `2023-04` ने सुरुवात, `2024-03` ने शेवट, क्रम आपोआप बरोबर.

याच ठिकाणी एक बारीक खड्डा आहे, आणि तो जुन्या दप्तरात हात घातल्याशिवाय दिसत नाही. `2023-24` हे आर्थिक वर्ष आहे हे कोणालाही कळते, कारण चोविसावा महिना नसतो. पण `2008-09` म्हणजे काय? आर्थिक वर्ष २००८-०९, की सप्टेंबर २००८? `2010-11` म्हणजे वर्ष, की नोव्हेंबर २०१०? २०००-०१ पासून २०११-१२ पर्यंतच्या सगळ्या वर्षांना ही अडचण आहे, आणि कर्जाच्या किंवा मालमत्तेच्या फायली त्या काळापर्यंत मागे जातात. म्हणून आर्थिक वर्षाच्या फोल्डरला पुढे `FY` लावायचे: `FY2008-09`. दोन अक्षरांनी संदिग्धता संपते.

तारीख कशी लिहायची हे ठरले, तरी कोणती लिहायची हे उरतेच. बहुतेक परिपत्रके इथे गप्प असतात. जुलै २०२३ चे ते वीज बिल घ्या. बिलाचा महिना जुलै, बिलावरची तारीख समजा ५ ऑगस्ट, पैसे भरले १८ ऑगस्टला, स्कॅन झाले २ सप्टेंबरला. चौघांनी चार तारखा घातल्या, तर चौघेही आपापल्या जागी बरोबर आणि बिल मात्र सापडत नाही. माझ्या मते नियम एकच असावा: कागदावर छापलेली तारीख. ती स्कॅन करणाऱ्याला समोर दिसते, कोणाला विचारावी लागत नाही, आणि दहा वर्षांनी मूळ कागदाशी ताडून पाहता येते. ज्या कागदावर तारीखच नाही, त्याला आवक नोंदवहीतली तारीख द्यावी.

मग मार्चच्या बिलाचे काय? ते एप्रिलमध्ये येते, खर्च मात्र मागच्या वर्षाचा. इथे फोल्डर आणि फाइल यांची कामे वेगळी आहेत हे स्पष्ट लिहावे लागते. फोल्डर सांगते कागद कोणत्या वर्षाच्या हिशेबाचा, फाइलचे नाव सांगते कागदावर कोणती तारीख. मार्च २०२४ चे, ५ एप्रिल २०२४ तारखेचे बिल `FY2023-24` मध्ये जाईल आणि त्याचे नाव `2024-04-05` ने सुरू होईल. हे उदाहरण परिपत्रकात जसेच्या तसे घालावे. लेखा विभागातला पहिला प्रश्न हाच असतो.

आता चिन्हे. आपल्या पत्रव्यवहाराचा जावक क्रमांक तिरक्या रेघांशिवाय होत नाही: विभाग, तिरकी रेघ, क्रमांक, तिरकी रेघ, वर्ष. विंडोजमध्ये मात्र नावात तिरकी रेघ चालत नाही. एकूण नऊ चिन्हे वर्ज्य आहेत:

```
\ / : * ? " < > |
```

नाव देताना विंडोज अडवते, मग प्रत्येक जण आपापली वाट काढतो. कोणी जागा सोडतो, कोणी ठिपका देतो, कोणी सगळे सलग लिहितो, आणि एकाच पत्राची तीन नावे होतात. परिपत्रकाने सरळ सांगावे की पत्रातली तिरकी रेघ फाइलच्या नावात आडवी रेघ होईल. नावाचे मुख्य भाग खालच्या रेघेने तोडायचे, एका भागातले शब्द आडव्या रेघेने जोडायचे. नावाच्या शेवटी ठिपका नको. ‘प्रा. लि.’ असा शेवट असलेल्या पुरवठादाराचे फोल्डर केले की विंडोज तो शेवटचा ठिपका गुपचूप काढून टाकते, आणि पुरवठादारांच्या यादीशी नावे ताडून पाहणाऱ्याचा मेळ बसत नाही.

विभागांची लघुरूपे ठरवतानाही एक गोष्ट आधी तपासावी. बांधकाम विभागासाठी `CON` हे लघुरूप सहज सुचते. त्या नावाचे फोल्डर विंडोज करू देत नाही. जुन्या डॉस काळापासून `CON`, `PRN`, `AUX`, `NUL` ही नावे यंत्राने स्वतःसाठी राखून ठेवली आहेत. परिपत्रक निघाल्यावर दुसऱ्या दिवशी बांधकाम विभागाने ‘हे नाव घेतच नाही’ म्हणून फोन करणे म्हणजे सगळ्या पद्धतीवरचा विश्वास पहिल्याच दिवशी जाणे. म्हणून प्रत्येक नाव कागदावर लिहिण्याआधी सर्व्हरवर करून पाहायला हवे.

यापुढचा प्रश्न मला सर्वात जिव्हाळ्याचा वाटतो: नावे मराठीत की रोमन लिपीत? ‘कंप्युटरला मराठी चालत नाही’ असे अजूनही सांगितले जाते. ते खरे नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेले देवनागरी नाव आजच्या विंडोजवर व्यवस्थित चालते. ज्या कार्यालयाचे सगळे काम मराठीत चालते, तिथल्या माणसाला `Veej`, `Vij`, `Wij` यांतले नेमके कोणते स्पेलिंग हे लक्षात ठेवायला लावणे चुकीचे आहे. पण मराठी नावांच्या स्वतःच्या अडचणी आहेत आणि त्या माहीत असाव्यात.

ऱ्हस्व-दीर्घाची अडचण सर्वांना दिसते. ‘वीज’ आणि ‘विज’ ही संगणकाला दोन वेगळी नावे. दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ हे नाव घ्या. यातला आडवा रफार, म्हणजे ‘ऱ्य’ मधला तो वळलेला र, दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर युनिकोडमधले स्वतंत्र अक्षर ‘ऱ’, क्रमांक `U+0931`, आणि त्याला हलंत. दुसऱ्या कीबोर्डवर साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह, क्रमांक `U+200D`. पडद्यावर दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ती वेगळी नावे आहेत. एकाने केलेले फोल्डर दुसऱ्याला शोधून सापडेलच असे नाही, मग तो नवे करतो, आणि विंडोज ते करूही देते. एकाच नावाची दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसली, तर शेवटची मात्रासुद्धा तपासून झाल्यावर हा संशय घ्यावा. खात्री करायची तर एका फोल्डरच्या नावाची प्रत शोधपेटीत चिकटवून पाहावी. दुसरे फोल्डर त्या शोधात आले नाही, तर फरक अदृश्य अक्षराचा आहे.

यावर मला पटलेला तोडगा असा. वरच्या दोन पातळ्या, म्हणजे विभाग आणि वर्ष, रोमन अक्षरांत आणि 0 ते 9 या अंकांत. त्याखालचे विषय मराठीत, पण ठरलेल्या यादीतूनच, आणि यादीतले शब्द टाइप न करता तिथून उचलून चिकटवायचे. विषयाआधी दोन अंकी क्रमांक, म्हणजे क्रम ऱ्हस्व-दीर्घावर अवलंबून राहणार नाही. नावात देवनागरी अंक नकोत. २०२३ आणि 2023 असे दोन्ही प्रकार एका ड्राइव्हवर आले, तर एक शोधताना दुसरे सापडेलच याची खात्री देता येत नाही. यादीत एका गोष्टीला एकच शब्द असावा. वीज बिल म्हणजे ‘वीज-बिल’. एमएसईबी, लाइट बिल, महावितरण हे बोलण्यात राहू द्यावेत, फोल्डरवर नकोत.

लांबीची मर्यादा हा परिपत्रकातला सर्वात दुर्लक्षित भाग. फाइलचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतची सगळी अक्षरे, विंडोजमध्ये सर्वसाधारणपणे २६० च्या आत असावा लागतो. एक्सेलची मर्यादा त्याहून कमी, २१८. देवनागरीत प्रत्येक मात्रा आणि हलंत वेगळे मोजले जाते. ‘मुख्य’ दिसायला दोन अक्षरे, मोजायला पाच. ही मर्यादा ओलांडल्याचे काम करणाऱ्याला कळत नाही, कारण त्याच्या संगणकावर पत्ता `Z:\` पासून सुरू होतो. सर्व्हरवर तीच फाइल आणखी दोन-तीन फोल्डरच्या आत असते, तिथे पत्ता लांब होतो आणि बॅकअप त्या फाइलवर अडतो. कित्येकदा हे कळते ते बॅकअपमधून फाइल परत मागण्याची वेळ आल्यावर. तीन पातळ्यांचा नियम पाळला, तर ही भीती राहत नाही. आपले बिल सर्व्हरवर असे बसेल:

```
D:\Data\Samayik\LEKHA\FY2023-24\03_वीज-बिल\
2023-08-05_वीज-बिल_मुख्य-कार्यालय.pdf
```

सगळी मिळून ८० च्या आसपास अक्षरे. माणूस हे नाव मोठ्याने वाचू शकतो आणि फाइल न उघडता ती कशाची आहे हे सांगू शकतो.

फोल्डरला माणसाचे नाव नको, हा नियम लिहायला सोपा आणि अमलात आणायला सर्वात कठीण. ‘पाटील मॅडम’, ‘साहेबांचे अर्जंट’ ही फोल्डर प्रत्येक ड्राइव्हवर असतात. मॅडमची बदली होते, साहेब निवृत्त होतात, आणि आत काय आहे हे सांगणारे कोणी राहत नाही. सरकारी कार्यालयांतली सहा गठ्ठे पद्धत कागदांची विभागणी कामाच्या अवस्थेनुसार करते, ती याच कारणाने टिकाऊ आहे: टेबलावर माणूस बदलला तरी गठ्ठ्याचा अर्थ बदलत नाही. मसुद्यांचेही तसेच. `Final`, `Final New`, `Final sahi sathi` या नावांतून शेवटचा मसुदा कोणता हे ठरत नाही. `v01`, `v02` असे क्रमांक द्यावेत, आणि सही झालेल्या प्रतीला फक्त ‘मंजूर’ हा शब्द जोडावा. एका विषयाची मंजूर प्रत एकच असणार.

पद्धत कितीही चांगली असली, तरी एका चुकीने ती पहिल्याच आठवड्यात बदनाम होते. उत्साहाच्या भरात कोणी तरी जुनी फोल्डर नव्या नावांनी बदलायला घेतो. एक्सेलच्या एका फाइलमधले आकडे दुसऱ्या फोल्डरमधल्या फाइलमधून येत असतील, तर त्या जोडणीत फोल्डरचा पत्ता लिहिलेला असतो. फोल्डरचे नाव बदलले की जोडणी तुटते. घात असा की रकान्यात लगेच चूक दिसेलच असे नाही. जोडणी अद्ययावत होत नसल्याची सूचना येते, ती बंद केली की शेवटचा जुना आकडा तसाच दिसत राहतो. मासिक ताळमेळाची गोषवारा फाइल मागच्या महिन्याचे आकडे दाखवत असेल, तर पहिला संशय नाव बदललेल्या फोल्डरवर घ्यावा. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट आणि ई-मेलमधून पाठवलेले फोल्डरचे दुवेही त्याच वेळी मरतात, पण ते निदान उघडताना सांगतात. म्हणून परिपत्रकात ठळक हवे: जुन्या फोल्डरना हात लावू नये. नवी पद्धत ठरलेल्या तारखेपासून निर्माण होणाऱ्या फोल्डरनाच लागू. जुने सगळे जिथे आहे तिथेच राहील.

ती तारीख १ एप्रिल ठेवणे साहजिक आहे. फक्त परिपत्रक मार्चच्या शेवटी काढू नये. तेव्हा लेखा विभागाला मान वर करायला वेळ नसतो. ते फेब्रुवारीत काढावे आणि नव्या वर्षाची रिकामी फोल्डर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तयार करून ठेवावीत. १ एप्रिलला माणूस ड्राइव्ह उघडेल, तेव्हा `FY` चे नवे फोल्डर आणि त्यातले क्रमांक घातलेले विषय समोर असतील. नाव द्यावेच लागत नसेल, तर चुकीचे नाव पडणार नाही. पहिल्या तीन पातळ्यांवर नवे फोल्डर करण्याची परवानगीही सर्व्हरवरून प्रत्येक विभागातल्या एकाच व्यक्तीला द्यावी. ही परवानगी दहा स्मरणपत्रांपेक्षा जास्त काम करते.

मग प्रत्यक्ष परिपत्रक किती छोटे होते पाहा. ‘सर्व विभागप्रमुख व कर्मचारी यांना कळविण्यात येते की, दि. १ एप्रिलपासून सामायिक ड्राइव्हवरील नवीन फोल्डर व फायलींना सोबतच्या नमुन्याप्रमाणे नावे द्यावीत. विभाग, आर्थिक वर्ष व विषय यांची फोल्डर तयार केलेली आहेत. नवीन विषय हवा असल्यास आपल्या विभागाच्या नियुक्त व्यक्तीस सांगावे. फाइलच्या नावात प्रथम कागदावरील तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, नंतर यादीतील विषय, नंतर आवश्यक तो तपशील लिहावा. तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ वापरावी. जुन्या फोल्डरची नावे बदलू नयेत.’ खाली नमुना म्हणून त्या वीज बिलाचे आणि मार्चच्या बिलाचे पूर्ण नाव. पाठीमागे विषयांची यादी. शेवटी ज्यांना विचारायचे त्यांचे नाव आणि इंटरकॉम क्रमांक. प्रत्येक नियमाचे कारण परिपत्रकात लिहायला जागा नसते. ते विभागवार बैठकीत, सर्व्हर पडद्यावर उघडून, अर्ध्या तासात दाखवता येते.

तुमच्या कार्यालयात असे परिपत्रक लिहिण्याचे काम तुमच्याकडे आले, तर सहीसाठी पाठवण्याआधी मसुदा एकाच माणसाला दाखवा: रोज कागद स्कॅन करून ड्राइव्हवर टाकणाऱ्या लिपिकाला. त्याच्यासमोर आजच्या टपालातले दहा कागद ठेवा आणि मसुदा वाचून नावे द्यायला सांगा. जिथे तो तुम्हाला विचारायला थांबेल, तिथला नियम पुन्हा लिहा.